एका चाकावर फिरणारं गाणं

गाण्यात उपमा पाहुण्यांसारख्या येतात. चेहरा चंद्र होतो, पुढच्या ओळीत डोळे हरणाचे होतात, तिसरीत चाल हंसाची. त्यांची एकमेकांशी ओळख नसते आणि ऐकणाऱ्याची त्याबद्दल तक्रारही नसते. पण काही गाणी पहिल्याच ओळीत एक चित्र हातात घेतात आणि शेवटपर्यंत खाली ठेवत नाहीत. जुन्या काव्यशास्त्रात याला सांगरूपक म्हणतात, म्हणजे अंगांसकट आलेलं रूपक. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणपती हे त्याचं मराठीतलं सगळ्यांत भरघोस उदाहरण. तिथं सहा दर्शनं म्हणजे गणपतीचे सहा हात, तर्क म्हणजे परशू, नीती म्हणजे अंकुश, वेदान्त म्हणजे मोदक. मूर्तीचा एकेक अवयव आणि एकेक शस्त्र घेऊन रूपक पुढे सरकत राहतं.

ग्रंथात हे चालतं, कारण वाचणारा थांबू शकतो, मागची ओवी पुन्हा पाहू शकतो. गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नाही. ओळ कानावरून गेली की गेली, आणि वर दर कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं. म्हणून गाण्यातलं सांगरूपक वेगळ्या पद्धतीनं बांधावं लागतं. ते कसं, हे पाहायला ग. दि. माडगूळकरांचं कुंभाराचं गाणं पुरेसं आहे. १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटातलं, सुधीर फडक्यांनी चाल दिलेलं आणि स्वतः गायलेलं. मराठी घरात ते ठाऊक नसलेला माणूस विरळा, त्यामुळे शब्द इथं देत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे किल्ली कुठं ठेवली आहे. विठ्ठल म्हणजे कुंभार, हे माडगूळकर ध्रुवपदातच सांगून मोकळे होतात. शेवटी उलगडा करून चकित करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. एकनाथांच्या भारुडातला विंचूही कामक्रोधाचा आहे हे आपल्याला लगेच कळतं. किल्ली आधीच हातात आल्यामुळे ऐकणारा प्रत्येक ओळ दोन पातळ्यांवर ऐकू लागतो: कुंभाराच्या अंगणात काय चाललंय आणि जगात काय चाललंय. कोडं सोडवण्यात त्याची शक्ती जात नाही.

मग तीन कडवी. पहिल्या कडव्यात घडवणं आहे. मातीत पाणी, उजेड, वारा मिसळतो आणि शेवटी आभाळाला आकार येतो. वरवर पाहता ही पंचमहाभूतांची यादी वाटते, आणि यादी हा सांगरूपकाचा नेहमीचा आजार. पण ही यादी कुंभाराच्या कामातून आली आहे. मडक्याला माती आणि पाणी लागतंच, वाळायला वारा आणि ऊन लागतं. आभाळ? मडक्याचा उपयोग त्याच्या आतल्या पोकळीत असतो. वेदान्तात तिला घटाकाश म्हणतात, घटाच्या भिंतींनी वेढलेलं आकाश. म्हणजे तत्त्वज्ञान बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. मडकं नीट न्याहाळलं तर ते त्यात आहेच. कडव्याच्या शेवटी घटांची उतरंड येते, एकावर एक रचलेली मडकी. जुन्या घरातलं हे दृश्य एका शब्दात अगणित माणसांचं दृश्य होतं.

दुसऱ्या कडव्यात मडकी कुंभाराच्या अंगणातून बाहेर पडून वापरात जातात. एकाच मातीची, एकाच हाताची, पण नशिबं वेगळी. एकाच्या तोंडात लोणी पडतं, दुसऱ्याच्या तोंडात निखारे. या दोन वस्तूंची निवड मला फार अचूक वाटते. लोण्याचं मडकं म्हणताच गोकुळ आठवतं. विस्तवाचं मडकं म्हणजे तिरडीपुढे धरायचं मडकं, असं मी ते वाचतो. तो अर्थ कुणी नाकारला तरी निखारा निखाराच राहतो. शिवाय मडक्याला तोंड असतं आणि माणसालाही असतं, तेव्हा इथं रूपकाला एक शब्दही ताणावा लागलेला नाही.

तिसऱ्यात कुंभार घडवतो आणि फोडतोही, कुरवाळतो आणि मारतोही. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं कुंभार कसं वाढवतो हे ज्यानं पाहिलंय त्याला ही कल्पना वाटणार नाही. आत एक हात आधाराला, बाहेरून थापीचे ठोके. भिंत पातळ होत जाते, मडकं मोठं होतं. मारणं आणि जपणं एकाच क्षणी, एकाच वस्तूवर. पण फोडणं? आपलंच पक्कं मडकं कुठला कुंभार फोडेल? इथं चित्र आणि सत्य एकमेकांपासून सुटू लागतात, आणि गाण्याची तक्रार नेमकी याच फटीतून बाहेर येते. शेवटच्या ओळीत तर डोळे आणि त्यांच्यापुढचा अंधार येतो. मडक्याला डोळे नसतात. इथं माडगूळकरांनी कुंभाराला सोडून दिलं आहे, आणि जाणूनबुजून सोडलं आहे. तोपर्यंत आपण मडक्यांबद्दल ऐकत होतो, आता मडकंच बोलू लागतं.

आणि लगेच ध्रुवपद परत येतं. सुरुवातीला देवाला ‘वेडा’ म्हणण्यात लाड होता, आईनं लेकराला म्हणावं तसा. तिसऱ्या कडव्यानंतर तोच शब्द आरोप झालेला असतो. अक्षर बदललेलं नाही, चाल तीच आहे. एकच चित्र गाणंभर चालवण्याचा खरा फायदा हाच आहे, असं मला वाटतं. कडवी चित्राला पुढे नेत राहिली की न बदलता परत येणारी ओळ दर वेळी नव्या जागी पडते. चित्र एकाच जागी उभं असेल, तर ध्रुवपद नुसतं पुन्हा म्हटलं जातं.

त्यामुळे चित्र निवडताना पाहायचं ते त्याचं सौंदर्य नाही, त्यात क्रम आहे की नाही हे. घडवणं, वापरणं, फुटणं हा मडक्याचा क्रम झाला. झाडाला बी, रोप, फळ, वठणं आहे. प्रवासाला निघणं आणि पोचणं. चंद्राला कला आहेत म्हणून तोही चालेल. हिरा मात्र कठीण. एकदा चमकला की दुसऱ्या कडव्यात तो काय करणार?

माडगूळकरांचंच आदल्या वर्षीचं, १९६०च्या ‘जगाच्या पाठीवर’मधलं वस्त्राचं गाणं याच क्रमावर उभं आहे: बाळपणाची अंगडी, तरुणपणाचे रंगीत कपडे, म्हातारपणाची जुनी शाल. पण त्यात मध्येच नाटक येतं, प्रवेशांसकट. काटेकोर माणूस म्हणेल की रूपक बिघडलं. मला तसं वाटत नाही. नाटकात पात्राला वेष लागतो, म्हणजे नाटक कपड्याच्या दारातूनच आत आलं आहे, आणि पुढच्या कडव्यात गाणं पुन्हा कपड्यावर येतं. दुसरं चित्र पहिल्याचं नातेवाईक असेल तर चालतं.

बिघाड बहुतेक वेळा असा उघड नसतो. तो झिजलेल्या रूपकांतून शिरतो. समजा, लग्न होऊन निघालेल्या मुलीला आई सांगते आहे असं गाणं लिहायचंय आणि चित्र घेतलंय विरजणाचं. निवड चांगली आहे, कारण त्यात क्रम आहे आणि परतीची वाट नाही. दह्याचं पुन्हा दूध होत नाही. पहिलं कडवं सरळ सुचतं:

ऊन दुधात नको गं, जरा निवू दे आधी
चमचाभरच घाल, मग नको घाई कधी

हे स्वयंपाकघरात खरं आहे. कढत दुधात विरजण मरतं, अगदी गार दुधात ते धरत नाही. नव्या नात्यालाही ते लागू पडतं. दुसऱ्या कडव्यात झाकून ठेवणं, रात्रभर भांडं न हलवणं. सारखं उघडून पाहिलं, ढवळलं, की दही मोडतं आणि पाणी सुटतं. तिसऱ्या कडव्याशी लिहिणारा थकलेला असतो आणि हात आपोआप लिहून जातो की नात्याची वीण घट्ट होऊ दे, संसाराचा गाडा ओढू दे. दही लागत असताना स्वयंपाकघरात एक माग आला आणि एक बैल! लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण वीण आणि गाडा हे शब्द रोजच्या वापरानं इतके झिजलेत की त्यांच्यातलं चित्र दिसेनासं झालंय. शेजारी जिवंत चित्र असलं की मात्र ते पुन्हा उठून बसतात.

ते पकडायचं तर गाणं दोनदा वाचायचं. पहिल्यांदा ते फक्त दह्याबद्दल आहे असं समजून. रोज दही लावणारी बाई जिथं ‘हे काय?’ म्हणेल ती ओळ उपरी. दुसऱ्यांदा ते फक्त लग्नाबद्दल आहे असं समजून. जिथं काहीच बोध होत नाही ती ओळ म्हणजे नुसती पाककृती. दुसऱ्या चाळणीत उत्साही माणसं जास्त सापडतात. साय कोण, झाकण कोण, चमचा कोण, अशी जुळवणी सुरू झाली की गाण्याचं कोष्टक होतं. माडगूळकरांनी भट्टी वगळली आहे, हे लक्षात आलं का? भाजल्याशिवाय मडकं होत नाही, आणि दुःखात भाजून निघण्याची कल्पना तर कुणालाही सुचली असती. कदाचित म्हणूनच ती घेतली नसेल.

विरजणाच्या तिसऱ्या कडव्यात घुसळण आणता येईल, लोणी येईल. आणखी एक गोष्ट मात्र न बोलावता येते. विरजण कालच्या दह्यातलं असतं. आई चमचाभर देते ते तिच्या भांड्यातलं, आणि तिला ते तिच्या आईकडून आलेलं. म्हणजे गाणं नकळत असं म्हणू लागतं की मुलीचा संसारही आईच्या संसाराच्याच चवीचा होणार. आईचा संसार आंबट गेलेला असेल तर? तेव्हा एक तर ते कडवं तिथंच वळवून आईला म्हणू द्यायचं की माझ्यातलं नको नेऊस, शेजारणीकडून माग. नाहीतर दह्याचं भांडं बाजूला ठेवून दुसरं चित्र शोधायचं.