विकायच्या फोनचा फोटो: काय झाकायचे, काय दाखवायचे

वापरलेला मोबाइल विकायला काढला की फोनसोबत त्याचा खोका आणि बिल यांचेही फोटो टाकले जातात. माल चोरीचा नाही, हे त्यातून दिसते आणि भावही थोडा बरा मिळतो. मात्र फोनच्या फोटोपेक्षा जास्त जपायला हवेत ते हेच दोन फोटो.

खोक्याच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल, रंग आणि स्टोरेज यांच्या खाली पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. मोबाइल नेटवर्क हँडसेट ओळखते ते याच क्रमांकावरून. तो चोरट्यांच्या हाती लागला तर दुसऱ्या, बहुधा चोरीच्या, फोनमध्ये घातला जाऊ शकतो. मग त्या फोनवरून झालेल्या उद्योगांची चौकशी मूळ मालकापर्यंत येऊन पोहोचते.

बरेच जण शेवटचे दोन-तीन अंक बोटाने झाकतात. ते पुरत नाही. नमुन्यादाखल 490154203237518 हा क्रमांक घेऊ. त्यातले पहिले आठ अंक मॉडेलचे. त्या मॉडेलच्या अनेक फोनांवर तेच असतात. पुढचे सहा, म्हणजे 323751, त्या एका हँडसेटचे. शेवटचा 8 हा पडताळणीचा अंक असून तो आधीच्या चौदा अंकांवरून ठरलेल्या सूत्राने काढता येतो. म्हणजे नुसता शेवटचा अंक झाकणे म्हणजे काहीच न झाकणे. शेवटचे तीन झाकले तरी खरे अज्ञात अंक दोनच उरतात आणि शक्यता फक्त 100. त्यामुळे शेवटचे सातही अंक झाकावेत. पहिले आठ उघडे राहिले तर बिघडत नाही, उलट मॉडेल खरे असल्याची खूण गिऱ्हाइकाला मिळते. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दुसराही तसाच झाकायचा. निर्मात्याचा सीरियल नंबर मात्र पूर्ण झाकावा, कारण त्याची रचना कंपनीगणिक बदलते.

सर्वांत जास्त चूक होते ती बारकोडमध्ये. अंकांवर काळी पट्टी मारली जाते आणि त्याच अंकांच्या उभ्या रेघा शेजारी तशाच राहतात. फोटो पुरेसा स्पष्ट असेल तर साध्या स्कॅनर अ‍ॅपने त्या वाचता येतात. क्यूआर कोडचेही तेच.

बिलावर नाव, पत्ता, फोन नंबर, ऑर्डर क्रमांक आणि बहुतेकदा आयएमईआयही असतो. हरवलेला फोन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून ब्लॉक करताना पोलिस तक्रारीच्या प्रतीबरोबर खरेदीचे बिलही जोडता येते. म्हणजे उघडे बिल टाकणारा मालक स्वतःच्या मालकीचा पुरावाच वाटत असतो. फोटोत दुकानाचे नाव, तारीख आणि मॉडेल एवढे दिसले तरी भागते. ऑनलाइन मागवलेल्या फोनच्या खोक्यावर कुरिअरचे लेबल राहिले असेल तर ते सरळ सोलून काढावे.

झाकायचे कसे, हा प्रश्नही छोटा नाही. फोनच्या एडिटरमधला हायलायटर काळा दिसला तरी पारदर्शक असतो. उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचे अंक वर येतात. धूसर करणेही बेभरवशाचे, कारण प्रत्येक जागी दहापैकीच एक अंक असतो आणि ते दहाही तसेच धूसर करून ताडून पाहता येतात. कापलेल्या फोटोवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. गूगल पिक्सेल फोनच्या एडिटरमध्ये कापलेला भाग फाइलमध्येच राहत असल्याचे 2023 मध्ये उघडकीस आले होते. तो दोष पुढे दुरुस्त झाला. या सगळ्यांपेक्षा साधा उपाय असा: फोटो काढण्यापूर्वीच पट्टीवर जाड कागदाचा तुकडा चिकटवायचा. जे कॅमेऱ्याने टिपलेच नाही, ते फाइलमधून कोणी काढू शकत नाही.

उरलेल्या गोष्टी झटपट तपासता येतात. काळ्या काचेत चेहरा किंवा दारावरची पाटी उमटते का, स्क्रीनवर कुणाचा मेसेज झळकतो का, हे फोटो मोठा करून पाहावे. कॅमेऱ्याचे लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ती नोंद निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास तशीच जाते.

झाकण्याच्या भरात चरे, पोचे किंवा बॅटरीची स्थिती मात्र लपवू नये. तिथे लपवाछपवी दिसली की गिऱ्हाईक फिरकत नाही. पूर्ण आयएमईआय मागण्याचा त्याचा हक्कही रास्त आहे. तो व्यवहार ठरल्यावर, समोरासमोर भागवावा. फोनवर *#06# दाबले की क्रमांक स्क्रीनवर येतो. मग गिऱ्हाइकाने KYM, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का, हे त्याला तिथेच कळते.