साडेचार हजार अंश की साडेपाचशे?

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी सुरू होती आणि मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ४,३९० अंशांनी कोसळला. अंशांत मोजली तर तोवरची ही एका दिवसातली सर्वांत मोठी घसरण. वीस वर्षं मागे जाऊ. १७ मे २००४, लोकसभेचेच निकाल नुकते लागलेले. त्या दिवशी सेन्सेक्स ५६५ अंशांनी पडला. अंश पाहिले तर २००४ची पडझड अगदीच किरकोळ वाटते. प्रत्यक्षात तीच जवळजवळ दुप्पट मोठी होती!

हे कसं, ते आदल्या दिवशीचा बंद आकडा सांगतो. २००४ मध्ये सेन्सेक्स ५,०७० वर होता. ५६५ भागिले ५,०७० म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक. २०२४ मध्ये तो ७६,४६९ वर होता. ४,३९० भागिले ७६,४६९ म्हणजे ५.७४ टक्के. सेन्सेक्सच्याच शेअरमध्ये त्याच प्रमाणात लाख रुपये गुंतवलेल्या माणसाचे २००४ मध्ये एका दिवसात अकरा हजारांवर गेले, २०२४ मध्ये पावणेसहा हजारांच्या आत.

मग अंश म्हणजे नेमकं काय? त्याला स्वतःची किंमतच नाही. १९७८-७९ या वर्षाचा बाजार १०० धरला, तिथून सेन्सेक्सची मोजणी सुरू झाली. निफ्टीने ३ नोव्हेंबर १९९५ ला १,००० पासून सुरुवात केली. त्यामुळे ४ जूनला निफ्टी पडला फक्त १,३७९ अंशांनी, सेन्सेक्सच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. टक्क्यांत मात्र ५.९३! बाजार तोच, भीती तीच, फक्त मोजपट्टी निराळी.

मथळ्यात नुसते अंश असतील, तर बातमीतला आजचा बंद आकडा शोधा. त्यात घसरण मिळवली की कालचा आकडा मिळतो, भागायचं त्यानेच. आजच्या आकड्याने भागलं तर घसरण फुगते. त्यातून आणखी एक गंमत कळते: ५.७४ टक्के पडलेल्या सेन्सेक्सला मूळ जागी यायला ६.०९ टक्के चढावं लागतं, कारण आता चढायचं ते खालच्या पायरीवरून. टक्केवारीची तुलना करताना एवढं भान हवं.

बाजाराचे नियमही टक्केच पाहतात. निर्देशांक १० टक्के हलला की व्यवहार थांबवले जातात. त्यानंतरचे टप्पे १५ आणि २० टक्क्यांचे. १७ मे २००४ ला ही वेळ दोनदा आली. ४ जून २०२४ ला मात्र पहिला टप्पा सुमारे ७,६५० अंशांवर होता. घसरण तिथवर पोचली नाही, व्यवहार दिवसभर चालू राहिले.