रोजच्या ‘शुभ सकाळ’ला काय उत्तर द्यायचं?

सकाळी सव्वासहाला गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ, मॅडम’. दुपारी ‘जेवण झालं का?’ संध्याकाळी दिव्याचं चित्र, रात्री ‘शुभ रात्री’. पाठवणारे पंच्याहत्तरीचे, पत्नी गेलेली, मुलगा बेंगळुरूला. घेणारी ठाण्यातली तरुण फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ती त्यांच्या घरी व्यायाम घ्यायला जायची. व्यायाम संपले, मेसेज चालू राहिले. हे काका आणि ही मॅडम मी उदाहरणासाठी उभे केले आहेत, पण असे काका जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. कुणाला ते केमिस्ट म्हणून गाठतात, कुणाला जुना विद्यार्थी म्हणून, कुणाला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून.

या मेसेजमध्ये मागणी काहीच नसते, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातं. काकांना ना गुडघ्याबद्दल विचारायचं असतं, ना अपॉइंटमेंट हवी असते. ‘मी आहे, तुम्ही आहात ना?’ एवढंच त्यांना पाहायचं असतं. एकट्या माणसाची ती रोजची हजेरी असते. जपानमधल्या झोजिरुशी कंपनीने 2001 साली पाणी गरम करण्याची एक विजेची किटली बाजारात आणली. एकट्या राहणाऱ्या आईने किंवा वडिलांनी चहासाठी तिचं बटण दाबलं, की त्याची खबर दूरच्या मुलांपर्यंत पोचायची. आपल्याकडे तेच काम गुलाबाचं फूल करतं. फरक इतकाच की इथे पलीकडून पोच यावी लागते.

मॅडम सुरुवातीला प्रत्येक मेसेजला अंगठा पाठवत होती. मग काम वाढलं. कधी दोन दिवस उत्तर नाही, कधी रात्री अकराला ओशाळून ‘सॉरी काका, नेटवर्क नव्हतं’. आपल्यापैकी बहुतेक जण इथेच अडकतात, आणि त्रास नेमका इथून वाढतो. बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी 1957 साली प्रसिद्ध केलेलं काम याच गोष्टीवर आहे. प्रतिसाद कधी मिळतो, कधी मिळत नाही, तेव्हा तो मिळवण्याची धडपड सहजी थांबत नाही. उलट ती जास्त चिवट होते. काका दर दहा मिनिटांनी फोन उघडून निळी खूण आली का बघतात ते हट्टीपणामुळे नव्हे. आपल्या अनियमित उत्तरांनीच त्यांना ती सवय लावलेली असते.

दुसरी गोष्ट एकटेपणाची स्वतःची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी आयुष्याची अनेक वर्षं एकटेपणाच्या अभ्यासात घालवली. भूक लागली की शरीर जसं सांगतं तसाच एकटेपणा हा एक इशारा आहे, असं ते मांडत. तो इशारा फार काळ वाजत राहिला, की माणूस नकाराच्या बाबतीत अतिसावध होतो. दोन दिवस उत्तर नाही याचा अर्थ ‘ती कामात असेल’ असा न लागता ‘तिला मी नकोसा झालो’ असा लागतो. म्हणून अशा माणसाशी मोघम वागणं सौम्य वाटलं तरी त्याला तेच सर्वांत जास्त लागतं.

मर्यादा घालायची, तर तिच्यात पुढच्या भेटीची ठरलेली वेळ हवी. मॅडमने असं काहीतरी लिहावं:

‘काका, तुमचे मेसेज मिळतात. दिवसभर मी पेशंटकडे असते, त्यामुळे रोज उत्तर देणं मला जमत नाही आणि पुढेही जमणार नाही. पण दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी तुम्हाला फोन करीन. पंधरा मिनिटं निवांत बोलू. मध्ये काही दुखलं-खुपलं किंवा पडलात, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. आधी शेजारच्या वहिनींना हाक मारा आणि मुलाला फोन करा.’

यात ‘तुमचे मेसेज वाचून फार आनंद होतो’ हे वाक्य नाही. आनंद होत असेल तर जरूर लिहावं, नसेल तर लिहू नये, कारण त्याच शब्दावर विसंबून उद्या दहा फुलं येतील. ‘कधीही फोन करा’ हेही नाही. दर रविवार जमणारा नसेल, तर महिन्यातला पहिला रविवार सांगावा, पण तो चुकवू नये. ब्रिटनमध्ये 2013 साली एस्थर रँट्झेन यांनी वृद्धांसाठी सुरू केलेल्या ‘सिल्व्हर लाइन’चा एक भाग याच पद्धतीचा होता. तिथे स्वयंसेवक एकाच व्यक्तीला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी फोन करायचा. फोन आपण करायचा, हे महत्त्वाचं. एरवी नेहमी दार ठोठावणाऱ्या माणसाला कुणीतरी आपणहून बोलावल्यासारखं होतं.

पहिले एक-दोन आठवडे मेसेज कमी होण्याऐवजी वाढतील. याची तयारी ठेवावी. चारचे दहा होतील, ‘रागावलात का?’ असंही येईल. दहाव्या मेसेजला मॅडम विरघळली आणि उत्तर दिलं, तर दहा मेसेज केले की उत्तर मिळतं एवढंच काकांच्या मनात ठसेल. फार तर एकदा लिहावं, ‘रागावले नाही काका, रविवारी पाचला बोलू.’ मग रविवारी बरोबर पाचला फोन लावावा. असे दोन-तीन रविवार पाळले गेले, की वाट बघण्याला एक टोक मिळतं आणि मधले मेसेज बहुधा ओसरतात. एखादं फूल येत राहिलं तर येऊ द्यावं.

त्या पंधरा मिनिटांत ‘कसे आहात?’ एवढ्यावर थांबलं तर पुन्हा अभिवादनच होतं. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तर गणपतीत कोकणच्या जादा गाड्या कशा लावायचे ते विचारावं. बोलता बोलता एखादं काम त्यांच्या हाती पडलं, तर अधिकच बरं. आणि एकटी मॅडम त्यांना पुरणार नाही, हे तिने स्वतःशी आधी मान्य करावं. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, बागेतला हास्यक्लब हे सगळं काकांना माहीत असतं. ‘जात जा ना’ म्हणून कुणी जात नाही. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांपैकी कुणी सोबत गेलं तर पाय निघतो. मुलाशी एकदा बोलून ही सोय लावता येते.

ही मर्यादा काही वेळा बाजूला ठेवावी लागते. रोज सव्वासहाला येणारा मेसेज अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी चौकशी करावी. पहाटे तीनला मेसेज येऊ लागले, किंवा ‘आता कशासाठी जगायचं’ असं काही आलं, तर रविवारची वाट न बघता लगेच फोन करावा आणि घरच्यांना कळवावं. ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. वृद्धांसाठीची ‘एल्डरलाइन’ 14567 या क्रमांकावर आहे. आणि तोच मेसेज तासाभरात चार वेळा आला, रविवारचं ठरलेलं काका पार विसरून जाऊ लागले, तर हा प्रश्न कदाचित एकटेपणाचा नसून स्मरणशक्तीचा असेल. तिथे नियम सांगून उपयोग नाही. मुलाला सांगून डॉक्टरांची भेट ठरवावी.

राहता राहिलं शेवटाचं. मॅडमची बदली होईल, लग्न होईल, रविवार जमेनासा होईल. तेव्हा फोन हळूहळू विरळ करत नेणं टाळावं, कारण त्याने जुनी अनिश्चितता परत येते. तीन-चार रविवार आधी सांगावं, ‘काका, पुढच्या महिन्यापासून मला फोन करता येणार नाही. आपला शेवटचा फोन अमुक तारखेला.’ ती तारीख त्यांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगावी, आणि त्या दिवशीही पाचलाच फोन लावावा.