एकशे पन्नासचा इंपेलर, एकशे तीसला

कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येतो. समजा, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना आहे. पंपाच्या आत फिरणारी पाती, म्हणजे इंपेलर, तो स्वतःच तयार करतो. फाउंड्रीतून कच्चं कास्टिंग आणायचं, लेथवर घासून मापात आणायचं, बॅलन्सिंग करायचं आणि पंपात बसवायचं. वर्षाला १०,००० इंपेलर लागतात. एका नगाचा हिशेब असा आहे: कास्टिंग ६० रुपये, मजुरी ३०, वीज-तेल-हत्यारं असा बदलता खर्च २० आणि कारखान्याच्या स्थिर खर्चातला वाटा ४०. एकूण १५० रुपये. एक पुरवठादार म्हणतो, तयार इंपेलर १३० रुपयांना पोचवतो. घ्यायचा का?

दीडशेची वस्तू एकशे तीसला मिळते म्हटल्यावर बहुतेक जण लगेच हो म्हणतील. नगामागे २० रुपये, वर्षाला दोन लाखांची बचत! हेच उत्तर लिहून कितीतरी विद्यार्थी मार्क गमावतात. पेपर तपासणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं, कारण १५० हा आकडा तिथे तसाच उभा असतो.

गोम त्या ४० रुपयांत आहे. शेडचं भाडं, मॅनेजरचा पगार, विमा, यंत्रांचा घसारा मिळून ४ लाख रुपये इंपेलरच्या वाट्याला टाकले आणि १०,००० नगांनी भागले, म्हणून ४० आले. पण उद्या इंपेलर बाहेरून आणला, तरी शेडचा मालक भाडं सोडणार नाही आणि मॅनेजरही निम्म्या पगारावर येणार नाही. हे ४ लाख कागदावर इंपेलरच्या नावावरून पंपाच्या नावावर जातील, खिशातून मात्र जातच राहतील. सीमांत खर्च, म्हणजे नग केला तर होणारा आणि न केला तर वाचणारा खर्च, ६० + ३० + २० मिळून ११० रुपयेच आहे.

आता तुलना ११० विरुद्ध १३० अशी होते. शंका असेल तर दोन्ही पर्यायांची वर्षाची बेरीज मांडावी. स्वतः केलं तर ११ लाख अधिक ४ लाख, म्हणजे १५ लाख. विकत घेतलं तर १३ लाख अधिक तेच ४ लाख, म्हणजे १७ लाख. दोन लाखांची बचत वाटत होती, तिथे दोन लाखांचा तोटा निघाला. ही बेरीज उत्तरपत्रिकेत खाली लिहून ठेवावी. स्थिर खर्च दोन्हीकडे सारखा दिसला की आपली मांडणी बरोबर आहे याची खात्री पटते.

मग १५० हा आकडा खोटा का? नाही. वर्षअखेरीस गोदामात पडलेल्या मालाचं मूल्य ठरवताना स्थिर उत्पादन खर्चाचा वाटा धरावाच लागतो. आपल्याकडच्या हिशेबाच्या मानकातही तसंच सांगितलं आहे. तो आकडा ताळेबंदासाठी आहे. निर्णयाच्या टेबलावर तो आणला की गडबड होते.

पेपर काढणारा इथेच थांबत नाही. तो एक ओळ घालतो: स्थिर खर्चापैकी ५०,००० रुपये हे बॅलन्सिंग मशीनचं वार्षिक भाडं आहे आणि इंपेलर करणं पूर्ण बंद केलं तर ते द्यावं लागणार नाही. म्हणजे हा खर्च स्थिर असूनही टाळता येण्यासारखा आहे. नगामागे ५ रुपये धरले की स्वतः करण्याचा खरा खर्च ११५ होतो. अजूनही १३० पेक्षा कमीच. खर्चाला स्थिर म्हणतात की बदलता, याच्यापेक्षा तो वाचतो की नाही हे बघायचं.

तिसरा फाटा जास्त रंगतदार आहे. लेथ पूर्ण वेळ गुंतलेले आहेत आणि एका इंपेलरला एक यंत्रतास लागतो. हेच तास मोकळे झाले तर कारखाना कपलिंग करू शकतो. कपलिंगची किंमत २१०, बदलता खर्च १५०. म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता ६० रुपये उरतात. हेच अंशदान, ज्यातून आधी स्थिर खर्च भागतो आणि मग नफा होतो. एका कपलिंगला दोन तास लागतात, तेव्हा तासाला अंशदान ३० रुपये. ज्या तासात इंपेलर केला, त्या तासाचे हे ३० रुपये आपण सोडले.

आता १०,००० तास मोकळे केले तर ५,००० कपलिंग होतील आणि ३ लाखांचं अंशदान येईल. बॅलन्सिंग मशीनचे ५०,००० वाचतील. इंपेलर विकत घेण्यासाठी जादा जातील २ लाख. निव्वळ फायदा दीड लाख. मघाशी ज्याला नाही म्हटलं, तोच पुरवठादार आता हवासा झाला, आणि त्याने आपला दर एका रुपयानेही उतरवलेला नाही.

पण ५,००० कपलिंग घेणार कोण? समजा बाजारात ३,०००च खपतात. सगळे इंपेलर विकत घेतले तर कपलिंगचे १ लाख ८० हजार आणि भाड्याचे ५० हजार येतात, २ लाख जातात. हाती राहतात ३० हजार, आणि ४,००० तास लेथ रिकामे. त्यापेक्षा ६,००० इंपेलरच विकत घ्यावेत आणि ४,००० घरी करावेत. जादा खर्च १ लाख २० हजार, कपलिंगचं अंशदान १ लाख ८० हजार, भाडं चालूच. फायदा ६० हजार. ‘करायचं की घ्यायचं’ या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असू शकतं, हे फार थोड्यांना सुचतं.

प्रत्यक्ष कारखान्यात दोन आकड्यांवर मी आधी बोट ठेवीन. एक, ३० रुपयांची मजुरी. पेपरात ती बदलती धरतात; पण कामगार कायमचे असतील आणि त्यांना दुसरं काम देता येत नसेल, तर पगार वाचत नाही आणि घरच्या इंपेलरचा खर्च आणखी खाली येतो. दुसरा, १३० हा दर. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर कर धरू नये, मात्र आलेल्या मालाची तपासणी आणि सच्छिद्र निघालेले नग परत करण्याचा खर्च त्यात मिळवावा. पुरवठादार एकच असेल तर त्याच्याकडचा संप म्हणजे आपलीही पंपांची जुळणी बंद.

आणि ११५ चा हिशेब लेथ जागेवर आहेत तोवरचाच. लेथ मोडीत निघाला आणि या कामासाठी १२ लाखांचा नवा घ्यायची वेळ आली, तर ती रक्कम अजून खर्च व्हायची आहे, म्हणून टाळता येते. दहा वर्षांत वाटली तर नगामागे १२ रुपये, म्हणजे १२७; त्यावर कर्जाचं व्याज चढवलं की १३० ओलांडतातच. तेव्हा कपलिंगला एकही गिऱ्हाईक नसलं, तरी पुरवठादाराला फोन करावा लागेल.