दोन तारखांचा बॅकअप

आई-वडिलांच्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपचा बॅकअप होतोय की नाही, हे कळायला एक पडदा पुरतो. व्हॉट्सअॅप उघडून `Settings`, मग `Chats`, मग `Chat backup` इथपर्यंत जायचं. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. पण शेवटचा बॅकअप कधी झाला ते सांगणाऱ्या दोन ओळी तिथे असतात. एक `Local` ची, दुसरी गूगलची. बहुतेक घरांत पहिली ओळ बघूनच सगळ्यांचं समाधान होतं, आणि घोळ तिथेच होतो.

`Local` म्हणजे फोनच्याच पोटात ठेवलेली प्रत. व्हॉट्सअॅप ती रोज पहाटे दोनच्या सुमारास आपणहून करतं. त्यासाठी ना नेट लागतं, ना गूगल खातं. त्यामुळे ती ओळ जवळजवळ नेहमीच ताजी दिसते. पण फोन एसटीत राहिला किंवा पाण्यात पडला, तर ही प्रतही त्याच्याबरोबर जाते. अशा वेळी कामाला येते ती गूगल खात्यात चढवलेली प्रत. म्हणून बघायची ती दुसऱ्या ओळीतली तारीख.

एक नमुना घेऊ. साताऱ्यात एकटी राहणारी सत्तरीतली आई, आणि पुण्यात नोकरी करणारी मुलगी. दिवाळीत घरी आल्यावर मुलगी हा पडदा उघडते. `Local` समोर आजची पहाट आहे, गूगलसमोर जून महिना. म्हणजे बॅकअप एकेकाळी सुरू होता आणि मधेच थांबला. का थांबला, हे त्याच पडद्यावर खाली उतरत गेलं की बऱ्याचदा सापडतं.

पहिली शंका नेटची. `Back up using cellular` हा पर्याय बंद असेल, तर बॅकअप फक्त वायफायवर चढतो. आईच्या घरी वायफाय नाही. जूनमध्ये ती मुलीकडे राहायला आली होती, तेव्हा तिथल्या वायफायवर शेवटचा बॅकअप चढला. हा पर्याय चालू केला की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं आईच्या सवयीत आहे.

‘‘आई, रात्री नेट बंद करतेस का गं?’’

‘‘मग काय! उगाच चालू कशाला ठेवायचं? डेटा जातो.’’

बॅकअपची ठरलेली वेळ मध्यरात्रीनंतरची, आणि नेमकं तेव्हाच नेट बंद. रात्री फोन चार्जिंगला लावून नेट चालू ठेवायचं, एवढं तिच्या गळी उतरवावं लागतं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी अॅप्सना पडद्याआड काम करू देत नाहीत. तिथे फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअॅपवरचं बंधन काढावं लागतं.

दुसरी शंका जागेची. गूगल खात्यात फुकट मिळते ती 15 जीबी जागा, आणि जीमेल, गूगल फोटोज व ड्राइव्ह या तिघांत मिळून ती एकच असते. पूर्वी व्हॉट्सअॅपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप या हिशेबात धरत नसत. 2024 पासून तो सगळ्यांसाठी धरला जाऊ लागला. खातं भरलं की बॅकअप थांबतो. समजा, आईच्या खात्यात फोटोंनी 10 जीबी घेतलेत आणि बॅकअप 6 जीबीचा झालाय. मग तो मावणार कसा? त्यातला मोठा वाटा असतो तो सुप्रभातच्या आणि भजनांच्या व्हिडिओंचा. `Include videos` बंद केलं की बॅकअप दोन-अडीच जीबीवर येऊ शकतो. नातवाचं बारसं वगैरे मोजके व्हिडिओ लॅपटॉपवर वेगळे उतरवून घ्यावेत. पहिला मोठा बॅकअप मुलीच्या हॉटस्पॉटवर, फोन चार्जरला लावून करावा. रोज दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये तो बसायचा नाही. पुढचे बॅकअप सहसा लवकर उरकतात.

तिसरी गोष्ट खात्याची. बॅकअप कोणत्या जीमेल पत्त्यावर जातोय, तो `Google Account` समोर दिसतो. पुष्कळदा तो पत्ता फोन घेताना दुकानदाराने घाईत बनवलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. नव्या फोनवर त्याच खात्यात शिरता आलं नाही, तर बॅकअप असून नसल्यासारखा. त्यामुळे पासवर्ड चालतो का, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आजचाच आहे का, हे आधी तपासून मगच वारंवारता `Daily` वर ठेवावी.

याच पडद्यावर `End-to-end encrypted backup` असतं. ते चालू केलं की प्रतीला आणखी एक कुलूप लागतं. त्यासाठी निवडलेला पासवर्ड किंवा 64 अंकांची किल्ली हरवली, तर व्हॉट्सअॅप आणि गूगल दोघेही ते उघडून देऊ शकत नाहीत. किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवणार असाल, तरच हे चालू करा.

सगळं जुळवल्यावर `Back up` दाबायचं आणि पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मग गूगलची ओळ बदलली का, ते पाहायचं. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, कारण हाताने केलेला बॅकअप आणि आपोआप होणारा बॅकअप या वेगळ्या गोष्टी. दोन-तीन दिवसांनी आईने त्या पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि गूगलची तारीख पुढे सरकलेली दिसली, म्हणजे गाडी रुळावर आहे. आईच्या फोनवरच्या ड्राइव्ह अॅपमध्ये `Backups` खालीही त्या नंबरची नोंद, तारीख आणि आकार दिसतो. अडीच जीबीऐवजी काही एमबीच दिसत असतील, तर मजकूर गेलाय आणि फोटो मागे राहिलेत असं समजावं. जे फोटो फोनवर उतरवलेच नव्हते किंवा गॅलरीतून पुसले होते, ते बॅकअपमध्येही नसतात.

तारीख आणि आकार यांवरून प्रत चढली एवढं कळतं. ती उघडते का, हे फक्त परत उतरवून बघितल्यावरच समजतं. त्यासाठी आईच्या चालू फोनवरून व्हॉट्सअॅप काढून टाकू नये. घरात जुना अँड्रॉइड फोन पडून असेल, तर ताजा बॅकअप करून त्या फोनवर आईचं गूगल खातं जोडावं आणि तिच्याच नंबरने व्हॉट्सअॅप सुरू करावं. ओटीपी आईच्या सिमवर येतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं असेल, तर सहा अंकी पिनही लागतो. मग `Restore` चा प्रश्न येतो. तो आलाच नाही, तर खातं किंवा नंबर चुकलाय हे उघड. तो टाळून पुढे गेलं, की रिकामं व्हॉट्सअॅप सुरू होतं आणि त्याचा नवा बॅकअप जुन्या प्रतीवर जाऊन बसू शकतो. म्हणून या फोनवर बॅकअपची वारंवारता `Never` ठेवावी. आधी निरोप उतरतात, फोटो मागाहून येत राहतात. एखाद-दोन जुन्या गप्पा उघडून पाहिल्या की आईच्या फोनवर पुन्हा ओटीपीने नंबर पक्का करायचा. मधल्या वेळेतले निरोप मात्र दुसऱ्या फोनवर आलेले असतात, म्हणून हे काम दुपारच्या निवांत वेळी उरकावं.

फोन खरोखर बदलताना क्रम हाच असतो. फक्त सगळे फोटो उतरेपर्यंत जुना फोन रिसेट करायचा नाही, आणि एक्स्चेंजवाल्याच्या हातीही द्यायचा नाही. आईसाठी आयफोन घेणार असाल, तर गूगलमधली ही प्रत तिथे थेट उतरत नाही. गप्पा जुन्या फोनवरून अॅपलच्या `Move to iOS` अॅपने न्याव्या लागतात, आणि त्यासाठी दोन्ही फोन शेजारी-शेजारी चालू असावे लागतात.