छायाचित्रातील स्थाननोंद काढणे

छायाचित्रातील स्थाननोंद काढणे म्हणजे डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपोआप लिहिलेले अक्षांश-रेखांश, ते छायाचित्र इतरांना देण्यापूर्वी पुसून टाकणे होय. ही नोंद चित्रात दिसत नाही. ती फाइलच्या आरंभीच्या भागात, छायाचित्राचा दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याचे नाव यांच्या शेजारी साठवलेली असते. या माहितीच्या मांडणीस ‘एक्झिफ’ असे म्हणतात. हे प्रमाण जपानमध्ये १९९५ साली प्रथम तयार झाले. स्मार्टफोनमध्ये उपग्रहीय स्थाननिश्चितीची सोय आल्यावर, पूर्वी क्वचितच भरला जाणारा त्यातील स्थानाचा रकाना जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात भरला जाऊ लागला. कॅमेरा ॲपला स्थानाची परवानगी दिलेली असणे एवढेच त्यास पुरते.

नोंदीची अचूकता

अक्षांश आणि रेखांश हे अंश, मिनिटे आणि सेकंद अशा तीन आकड्यांनी लिहिले जातात. पुणे महानगरपालिकेत २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या वाघोलीचे उदाहरण घेतल्यास हे आकडे काय सांगतात ते स्पष्ट होते. गावठाणाच्या परिसरात अक्षांश साधारणपणे १८ अंश ३४ मिनिटे आणि रेखांश ७३ अंश ५८ मिनिटे असा येतो. एवढ्यावरून फक्त सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन निश्चित होतो. छायाचित्र वाघोलीतले आहे, इतकेच त्यातून कळते. तिसरा आकडा, म्हणजे सेकंद, हा मात्र निर्णायक असतो. या अक्षवृत्तावर एका सेकंदाचे अंतर जमिनीवर सुमारे तीस मीटर भरते आणि फोन सेकंदाचे दशांश किंवा शतांशही लिहितो.

अर्थात लिहिलेला आकडा सूक्ष्म असला, तरी मोजमाप तितके सूक्ष्म असतेच असे नाही. मोकळ्या जागेत फोनची चूक काही मीटरांची असते. उंच इमारतींच्या मधोमध किंवा घराच्या आत ती कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे नोंदीवरून इमारत ओळखता येते, सदनिका सहसा येत नाही. परंतु बंगला किंवा सुटे घर असल्यास इमारत कळणे म्हणजेच घर कळणे होय.

एकच छायाचित्र, दोन वाटा

समजा, वाघोलीतील एका गृहसंकुलात राहणारी व्यक्ती जुनी सायकल विकण्यासाठी तिची दोन छायाचित्रे परिसरातील खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकते. गटात शेकडो अनोळखी लोक आहेत. पहिले छायाचित्र ती नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवते. ॲप ते लहान करून नव्याने साठवते आणि या प्रक्रियेत स्थाननोंद गळून पडते. चित्र धूसर दिसते अशी तक्रार आल्यावर तीच व्यक्ती दुसरे छायाचित्र `Document` हा पर्याय निवडून पाठवते. या वेळी मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ती उतरवून घेणाऱ्या कोणालाही फोनमधील गॅलरीत छायाचित्राचा तपशील उघडताच नकाशावर सायकल उभी असलेली इमारत दिसते. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र स्थान सोबत गेल्याची कोणतीही खूण दिसत नाही.

ईमेलची जोडफाइल आणि ड्राइव्हवर ठेवलेली मूळ फाइल यांची गतही दस्तऐवजासारखीच असते. टेलिग्राममध्ये फोटो आणि फाइल असा हाच भेद आहे. स्पष्टतेसाठी मूळ फाइल पाठवण्याचा आग्रह जेथे धरला जातो, तेथेच स्थान उघड होण्याचा संभव अधिक असतो.

या प्रकारचा सर्वाधिक गाजलेला प्रसंग डिसेंबर २०१२ मधील आहे. बेलीझमधील पोलिसांना चौकशीसाठी हवे असलेले संगणक-व्यावसायिक जॉन मॅकॅफी अज्ञातवासात असताना ‘व्हाइस’ या नियतकालिकाने त्यांचे एक छायाचित्र संकेतस्थळावर प्रसिद्ध केले. आयफोनने काढलेल्या त्या छायाचित्रातील स्थाननोंद काढलेली नव्हती. वाचकांनी ती वाचली आणि मॅकॅफी ग्वाटेमालातील रिओ दुल्से येथे असल्याचे उघड झाले. काही दिवसांतच बेकायदा प्रवेशाच्या कारणावरून त्यांना त्या देशात अटक झाली. विषाणूरोधक संगणकप्रणालीमुळे ज्यांचे नाव जगभर पोहोचले, त्यांच्याच बाबतीत हे घडले हे विशेष.

नोंद काढण्याच्या पद्धती

आयफोनमध्ये छायाचित्र पाठवण्याच्या पडद्यावर वरच्या बाजूस `Options` हा पर्याय असतो; तेथे `Location` बंद केल्यास स्थान वगळून प्रत जाते आणि मूळ छायाचित्र तसेच राहते. अँड्रॉइडमध्ये पर्यायाची जागा व नाव निर्मात्यानुसार बदलते. विंडोज संगणकावर फाइलच्या `Properties` मधील `Details` या भागात `Remove Properties and Personal Information` असा दुवा आढळतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधूनच स्थान लिहिणे बंद करता येते, मात्र त्याचा परिणाम पुढील छायाचित्रांवरच होतो. आधी काढलेल्या छायाचित्रांतील नोंदी कायम राहतात.

अनेक छायाचित्रे एकदम हाताळायची असल्यास ‘एक्झिफटूल’ हे फिल हार्वे यांचे मुक्त साधन उपयोगी पडते. पुढील दोन आज्ञांपैकी पहिली स्थाननोंद दाखवते आणि दुसरी ती पुसते:

```
exiftool "-gps*" photo.jpg
exiftool "-gps*=" photo.jpg
```

पुसल्यानंतर पहिली आज्ञा पुन्हा दिली असता एकही ओळ उमटू नये; काम झाल्याची खूण तीच. येथे एक चूक वारंवार घडते. हे साधन सुरक्षिततेसाठी मूळ फाइल `photo.jpg_original` या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवते. संपूर्ण फोल्डर एकत्र करून पाठवल्यास पुसलेल्या प्रतीसोबत न पुसलेली प्रतही जाते. दुसरी अडचण सरसकट सर्व माहिती काढताना येते. छायाचित्र उभे की आडवे हे सांगणारी सूचनाही याच माहितीत असल्यामुळे, ती गेल्यावर उभे छायाचित्र आडवे दिसू लागते. केवळ स्थानाचे रकाने पुसल्यास असे होत नाही.

साधन हाताशी नसल्यास छायाचित्र पडद्यावर उघडून त्याचा स्क्रीनशॉट पाठवणे हा सोपा उपाय आहे. नव्या चित्रात सहसा जुनी स्थाननोंद येत नाही. स्पष्टता मात्र कमी होते.

मर्यादा

नोंद पुसल्याने चित्रात दिसणारी गोष्ट जात नाही. सायकलीच्या मागे गृहसंकुलाच्या प्रवेशद्वारावरील नाव, इमारतीचा क्रमांक किंवा ओळखीच्या दुकानाची पाटी असेल, तर अक्षांश-रेखांशांची गरजच उरत नाही. महाराष्ट्रात कामाच्या ठिकाणची उपस्थिती वा झालेले काम दाखवण्यासाठी छायाचित्राच्या खालच्या भागात पत्ता, अक्षांश-रेखांश व छोटा नकाशा छापणारी कॅमेरा ॲप मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. ही पट्टी चित्राचाच भाग असते. वर दिलेल्या कोणत्याही पद्धतीने ती निघत नाही आणि फोटो म्हणून पाठवल्यानेही गळत नाही. तेवढा भाग कापावाच लागतो. कामासाठी घेतलेले असे ॲप घरगुती छायाचित्रांसाठीही वापरात राहिल्यास घराचा पत्ता उघड अक्षरांत गटावर जातो.

एकदा दस्तऐवज म्हणून गेलेली फाइल गटातून सर्वांसाठी हटवता येते, परंतु त्यापूर्वी कोणी अन्यत्र साठवलेली प्रत त्याने नाहीशी होत नाही.

याउलट काही कामांत स्थाननोंद हाच पुरावा असतो. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून राबवलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह नोंदवतो, कारण ते त्याच शेतातले आहे हे त्यावरून पडताळता येते. विम्याच्या दाव्यासाठी किंवा तक्रारीसाठी ठेवलेल्या छायाचित्रांच्या बाबतीतही हेच लागू पडते. म्हणून नोंद पुसायची ती पाठवावयाच्या प्रतीतून. मूळ फाइल नोंदीसह वेगळी ठेवली जाते.