तिसऱ्या दिवसाची फेरी

बालन्यूमोनियाच्या उपचाराची आपली गोष्ट गडचिरोलीपासून सुरू होते. गावातल्या आरोग्यसेवकांच्या हाती औषध दिलं तर मुलांचे मृत्यू घटतात, हे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं. तेव्हा औषध होतं कोट्रिमॉक्सॅझोल. मधली वर्षं परिपत्रकांची, ती सोडून देऊ. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अमॉक्सिसिलीनला पहिली पसंती दिली आणि २०१९च्या ‘सांस’ मोहिमेनं त्याचा आधार घेतला.

पण औषध देण्याआधी आजार ओळखायला हवा, म्हणून मी आयुष्यभर श्वास मोजण्यावर हटून बसलो. समजा, घनसावंगीच्या एखाद्या तांड्यावरचं चौदा महिन्यांचं, अकरा किलोचं लेकरू आहे. आई म्हणते, “पोट उडतंय.” लेकरू रडत नसताना, दूध पीत नसताना झबलं वर करायचं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं म्हणजे चूकही चौपट करणं. दोन महिने ते एक वर्ष वयात पन्नास किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. इथं भरले सेहेचाळीस. छाती आत ओढली जात नाही, लेकरू पितं, उलट्या नाहीत, झटके नाहीत, सुस्ती नाही. म्हणजे घरी उपचार चालतील. दोन महिन्यांखालचं बाळ मात्र थेट दवाखान्यात.

अमॉक्सिसिलीनची अडीचशे मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी वर्षाखालच्यांना एक, एक ते तीन वर्षांना दोन, तीन ते पाच वर्षांना तीन, सकाळ-संध्याकाळ. आपल्या लेकराला पाच दिवसांच्या वीस गोळ्या. चमच्यात थोडं स्वच्छ पाणी किंवा आईचं काढलेलं दूध घेऊन गोळी विरघळवायची आणि लगेच पाजायची. अर्ध्या तासात ओकलं तर तो डोस पुन्हा द्यायचा. सिरपचा आग्रह धरणारे विसरतात, की सिरप कालवायला मोजून स्वच्छ पाणी लागतं आणि कालवल्यावर ते थोडेच दिवस टिकतं.

तीन दिवस पुरेत, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्या बाजूनं भारतातले अभ्यास आहेत, हे मान्य. पण आपल्या कार्यक्रमात पाच दिवसच आहेत. लेकरू तिसऱ्या दिवशी खेळू लागतं, आई उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवते आणि पुढच्या खोकल्याला त्याच काढते.

म्हणून तिसऱ्या दिवशी घरी जायलाच हवं. पुन्हा पूर्ण मिनिट श्वास मोजायचे, उरलेल्या गोळ्या मोजायच्या. पहिल्या दिवसापासून चार डोस गेले असतील तर बारा उरायला हव्यात. श्वास मंदावला, ताप उतरला, खाणं सुधारलं तर कोर्स पूर्ण करायचा. श्वास तेवढाच किंवा वाढलेला असेल, तर गोळ्या बदलत न बसता लेकरू दवाखान्यात न्यायचं.

आज ही फेरी रजिस्टरातच होते. त्यात अंबड, घनसावंगी, मंठ्याची कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. अशा वेळी गोळ्यांबरोबर एका कागदावर वय, डोस, पहिल्या दिवसाची श्वाससंख्या आणि तिसऱ्या दिवसाची तारीख लिहून द्या. फडावरच्या आशाताईला पुढचं मोजता येईल.